आठ प्रोसेसरवर ८५ सेकंद

१. नुसत्या कार्यक्षमतेवरून प्रोग्रॅमचा निकाल लावू नका. समजा, दोन प्रोग्रॅम आहेत. दोघांनाही एका प्रोसेसरवर ४०० सेकंद लागतात आणि आठांवर ८५. म्हणजे वेग ४.७ पट वाढला. त्याला आठाने भागलं की कार्यक्षमता ५९ टक्के. उरलेले ४१ टक्के कुठे गेले, हे त्या आकड्यातून कळत नाही.

२. मधली मोजमापं हवीतच. पहिल्या प्रोग्रॅमला दोन प्रोसेसरवर २२० आणि चारांवर १३० सेकंद लागले. दुसऱ्याला २१४ आणि १२४. अ‍ॅलन कार्प आणि होरेस फ्लॅट यांनी १९९० मध्ये मांडलेलं सूत्र इथे कामी येतं. S म्हणजे वेगवाढ, p म्हणजे प्रोसेसरची संख्या आणि e म्हणजे अनुक्रमिक अंश, म्हणजे वाटून न घेता येणाऱ्या कामाचा हिस्सा:

```
e = (1/S - 1/p) / (1 - 1/p)
```

पहिल्याचा e तिन्ही वेळा १० टक्केच येतो. त्याचं दुखणं मूळ कोडमध्येच आहे: फाइल वाचणं किंवा एखादं न वाटलेलं लूप. अ‍ॅमडालच्या नियमाप्रमाणे कितीही प्रोसेसर जोडले तरी तो दहापटीपुढे जाणार नाही. दुसऱ्याचा e मात्र ७, ८, १० असा चढतो. तिथे प्रोसेसर वाढले तसा निरोपांचा, कुलपांचा, एकमेकांसाठी थांबण्याचा खर्च वाढतोय. त्यामुळे अनुक्रमिक कोड शोधत बसण्याआधी संदेशवहन तपासा.

३. e मध्येच उसळला, तर आधी कामाची वाटणी बघा. सारख्या आकाराचे १२ तुकडे आठ जणांत वाटले, तर चौघांना दोन-दोन येतात आणि बाकीचे चौघे एक-एक संपवून बसून राहतात. वेगवाढ सहाच, आणि e जवळपास ५ टक्के दिसतो, जरी अनुक्रमिक काम शून्य असलं तरी! चार किंवा सहा प्रोसेसरवर तोच e शून्य येतो.

४. कमी प्रोसेसरवरचा e फार नाजूक असतो. वरच्या २१४ सेकंदांत दोन टक्क्यांची चूक झाली, तर ७ टक्क्यांचे थेट ९ होतात. आठांवर तेवढ्याच चुकीने जेमतेम अर्धा टक्का फरक पडतो. म्हणून दोन प्रोसेसरवरची धाव पुन्हा पुन्हा घ्यावी, आणि सगळ्यात कमी आलेली वेळ धरावी असं माझं ठाम मत आहे.

५. ४०० चा आकडाही तपासून घ्या. पुष्कळ चिप एकच कोअर चालू असताना जास्त वारंवारतेवर धावतात. मग एका प्रोसेसरची वेळ कमी भरते आणि e फुगतो. उलट e ऋण आला, तर बहुधा वाटणीनंतर डेटा कॅशमध्ये मावू लागलेला असतो. तिथे या सूत्राचा अर्थ लावू नका.

६. सोळा प्रोसेसर मागण्याआधी हिशेब करा: पहिला प्रोग्रॅम तिथे साडेबासष्ट सेकंद घेईल, आणि कार्यक्षमता ४० टक्के उरेल.