उपयोजित लेखन : मित्राच्या दुःखाच्या पत्राला उत्तर कसं लिहावं?



अनौपचारिक पत्र शिकवताना अभिनंदन, आमंत्रण, सहलीचं वर्णन हे प्रकार आपण भरपूर करून घेतो. सांत्वनपत्र मात्र 'वाचून अतिशय दुःख झाले. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' एवढ्यावर उरकतं. ही वाक्यं चुकीची नाहीत, पण ती कोणीही कोणालाही पाठवू शकतं. ज्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहून त्याचा फोटो आपल्याला पाठवला, त्याला एवढंच हवं असतं की ते कोणीतरी नीट वाचावं. म्हणून हा पाठ लिहिण्याआधी वाचण्याचा आहे.

सरावासाठी एक कल्पित पत्र घेऊ. शाळेतल्या जुन्या मित्राचे वडील वारले आहेत. ते एसटीत कंडक्टर होते. मित्र लिहितो :

'आण्णा मंगळवारी पहाटे गेले. फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो. पहिल्या गाडीने निघालो, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तुला आठवतं का, पावसात ते आपल्याला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवायचे? तेच सारखं डोळ्यांसमोर येतं.'

मध्ये एक ओळ खोडलेली आहे.

मुलांना हे पत्र दोनदा वाचायला सांगा आणि विचारा, मित्राला सगळ्यात जास्त काय लागलंय? 'वडील गेले' हे उत्तर लगेच येईल. थोडं थांबलात तर दुसरं येईल : 'त्याला वेळेवर पोचता आलं नाही.' पत्रात एक आठवण आहे आणि एक सल आहे. उत्तरात दोन्हींची दखल हवी.

आता ती खोडलेली ओळ. फोटो मोठा करून ती कदाचित वाचता येईल. पण मित्राने ती खोडली, म्हणजे ती त्याला सांगायची नव्हती. तिच्याबद्दल उत्तरात काही लिहू नये, विचारूही नये.

उत्तराचा एक नमुना असा :

'प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आण्णा गेले, फार वाईट वाटलं.

ती सीट मलाही आठवते. एकदा तू तापाने घरी होतास आणि मी भिजून गाडीत चढलो. आण्णांनी तिकिटांची पेटी बाजूला ठेवून स्वतःचा टॉवेल दिला आणि म्हणाले, "आधी पुस्तकं पूस, डोकं मग." हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझं पोचणं राहिलं, ते तुला किती लागलंय हे कळलं. त्यावर मी काही शहाणपण सांगत नाही. त्या रात्रीबद्दल बोलावंसं वाटलं तर मी ऐकेन.

रविवारी संध्याकाळी फोन करतो. उचलावासा वाटला नाही तर राहू दे, पुढच्या रविवारी परत करीन. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अ. ब. क.'

यात टॉवेलची आठवण सगळ्यात मोलाची आहे, कारण ती मुलाकडे नव्हती. वडील गेल्यानंतर त्यांच्याबद्दलची एक नवी गोष्ट त्याला मिळाली. मात्र अशी आठवण खरी असेल तरच लिहावी. नसेल तर मित्राने लिहिलेल्या आठवणीबद्दलच दोन वाक्यं लिहावीत.

सलीबद्दल 'तुझी काही चूक नाही' असं घाईने लिहिलं, की समोरच्याचं बोलणं तिथेच थांबतं. 'वय झालं होतं', 'सुटले बिचारे' हे घरचे म्हणू शकतात, आपण नाही. 'काही लागलं तर सांग' यात मागण्याचं ओझं त्याच्यावरच पडतं, म्हणून वार आणि वेळ आपणच ठरवावी.

मायन्याबद्दल थोडं. दुःखाच्या पत्रावर वर 'श्री' न लिहिण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. 'पत्रास कारण की', 'लोभ असावा' ही नेहमीची वाक्यंही इथे नकोत. 'भावपूर्ण श्रद्धांजली' फलकावर शोभते, मित्राच्या पत्रात परकी वाटते.

पत्र हाताने लिहून आलं आहे, तर उत्तरही शक्यतो हातानेच लिहावं. एक पान पुरे. दिवसा खिडकीजवळ कागद सपाट ठेवून, हाताची सावली न पडू देता फोटो काढावा. पाठवण्याआधी तो मोठा करून सगळ्या ओळी वाचता येतात ना, हे बघावं. आणि मित्राचं पत्र वर्गाच्या ग्रुपवर पुढे पाठवू नये. बातमी सांगायची असेल तर त्याला विचारूनच सांगावी.

उत्तराला चार दिवस उशीर झाला तरी चालतो. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, नंतर ते रिकामं होतं. दुसरं छोटं पत्र तेव्हा लिहावं.

तपासताना मुलांना एकच प्रश्न विचारा : हेच पत्र दुसऱ्या कोणाला पाठवता येईल का? 'हो' आलं, तर मूळ पत्र पुन्हा वाचायला द्या.