खवट तेल-तुपाचे काय करावे?

महिन्याच्या सुरुवातीला पाच लिटरचा डबा आणला, तो गॅसजवळच्या फळीवर ठेवला. वीस-बावीस दिवसांनी तळाशी लिटरभर तेल उरले, तर झाकण उघडताच जुन्या खोबऱ्यासारखा वास येतो. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात हे बऱ्याचदा घडते. तेल टाकवत नाही, म्हणून तेच फोडणीला वापरले जाते.

तेल खवट होते ते हवेमुळे. डबा रिकामा होत जातो तशी आत हवा वाढते, आणि हवेतला प्राणवायू तेलाशी मिसळून ते बिघडवतो. उष्णता आणि उजेड हे काम लवकर करतात. म्हणून भरलेला डबा टिकतो, तळाचे तेल बिघडते.

असे तेल एखाद्या वेळी पोटात गेले तर सहसा घाबरण्याचे कारण नाही. पण त्यातले ई जीवनसत्त्व कमी झालेले असते. काहींना मळमळ होते, पोट बिघडते. रोज असेच तेल खाणे प्रकृतीला चांगले नाही. लहान मुलांना तर देऊच नये. शंका आली तर चमचाभर तेल कोमट करून वास घ्यावा. गरम केल्यावर खवटपणा लपत नाही. जिभेवर कडवट लागले किंवा घशाला खवखवले, तर ते खाण्यातून काढावे. कढवून किंवा लसूण जाळून वास दबतो, बिघाड जात नाही.

उरलेल्या तेलावर नवे तेल ओतण्याची सवय मात्र सर्वांत महागात पडते. जुन्या तेलातला बिघाड नव्यालाही लवकर लागतो, आणि लिटरभर वाचवताना पाच लिटर जाते. आधी डबा संपवावा, साबणाच्या गरम पाण्याने धुवावा, उन्हात पूर्ण सुकवावा, मगच भरावा. रोजच्यासाठी छोटा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ठेवावा. मोठा डबा चुलीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात असावा. अर्ध्यावर आला की तेल लहान बाटल्यांत काठोकाठ भरावे. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तेल-तूप ठेवू नये, त्यात ते लवकर खवट होते. उन्हाळ्यात एकेक लिटरची पिशवी आणणे बरे, थोडी महाग पडली तरी.

तळणाचे उरलेले तेल गाळून वेगळे ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवावे. ते काळे, चिकट झाले, त्यावर फेस येऊ लागला किंवा मंद आचेवरच धूर निघाला, तर टाकून द्यावे. मोरीत ओतू नये, नळी तुंबते. राखेत किंवा जुन्या कागदात जिरवावे.

तुपाचा शत्रू पाणी. लोणी कढवताना तडतड थांबून बेरी तांबूस होईपर्यंत उतरवू नये. कच्चे राहिले की ताकाचा अंश आत राहतो आणि तुपाला वास येतो. विड्याचे पान घालण्याची जुनी रीत ताज्या तुपाला उपयोगी आहे, पण खवट झालेल्या तुपाला पान घालून सुधारता येत नाही. तूप गाळून, गार झाल्यावर कोरड्या बरणीत भरावे. चमचा नेहमी कोरडाच घालावा. भातात बुडवलेला चमचा परत बरणीत गेला की बरणीभर तूप धोक्यात येते.