माळावरची गारपीट

(इयत्ता चौथीसाठी वाचनपाठ. मेंढपाळ जेथे जेथे निर्णय घेतो, तेथे शिक्षकांनी थांबावे व ‘तुम्ही काय केले असते?’ असे मुलांस विचारावे.)

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या उघड्या माळावर चैत्रातील एका दुपारी भिवा धनगर साठ मेंढ्या चारीत होता. सकाळपासून विलक्षण उकाडा होता. एकाएकी वारा पडला. पश्चिमेस काळा ढग उंच चढून माथ्याशी ऐरणीसारखा पसरला. पाठोपाठ थंडगार झोत आला आणि मेंढ्या चरणे सोडून एकमेकींस बिलगू लागल्या.

वीज चमकताच भिवाने आकडे मोजावयास प्रारंभ केला. नऊ म्हणताच गडगडाट ऐकू आला. आवाजास एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. म्हणजे वादळ ३ किलोमीटरांवर होते. वाडी त्याहून दूर होती. आसरा जवळच शोधणे भाग होते.

माथ्यावर एकटा लिंब उभा होता. पण उंचावरील एकट्या झाडावर वीज पडण्याचे भय अधिक. खाली ओढ्याच्या दरडीआड वारा लागला नसता. पण वरचे पाणी तेथेच लोटणार होते. भिवाने दोन्ही जागा सोडल्या व उताराच्या मध्यावरील एका खोलगट जागी कळप नेला.

तेथे मोजदाद करता एक लंगडी मेंढी व तिचे दोन दिवसांचे कोकरू दिसेना. ती माथ्यापलीकडे राहिली होती. भिवाचे पाऊल उचलले गेले. पण माथा ओलांडणे म्हणजे उघड्यावर विजेच्या तोंडी जाणे. तो थांबला. कळपापासून थोडे अंतर राखून, पाय जुळवून तो उकिडवा बसला व घोंगडीची चौघडी डोक्यावर धरली. सुपारीएवढ्या गारांनी माळ पांढरा झाला.

गारा थांबल्या, तरी गडगडाट चालूच होता. भिवाने मन आवरले. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दिला आणि मगच तो माथ्यापलीकडे गेला. मेंढी मरून पडली होती. तिच्या पोटाखाली कोकरू गारठले होते, पण श्वास चालू होता. घोंगडीच्या आतल्या कोरड्या घडीने त्याने ते चोळून पुसले व पोटाशी धरले. परतताना त्याने पाहिले, ओढा दुथडी भरून वाहत होता. लिंब मात्र जसाच्या तसा उभा होता.

पाठचर्चा : ‘झाडावर वीज पडलीच नाही, मग भिवा चुकला काय?’ असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. त्याचे स्वागत करावे. निर्णय घेताना भिवाला काय ठाऊक होते, ते मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावे. पुढे काय घडले, ते त्या यादीत येऊ देऊ नये. मेंढी का गेली, हा प्रश्नही टाळू नये. भिवाचे निर्णय योग्य होते, तरीही हानी झाली, हे मुलांस स्पष्टपणे सांगावे.