चोवीस लाखांची फोड

पांडेसऱ्याच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये रंगाईखाते सांभाळीत असता, भेस्तानच्या घरी एके रात्री मला एका रसायन कंपनीचे नियुक्तिपत्र ई-मेलने आले, आणि वार्षिक २४ लाखांचा आकडा पाहून घरची मंडळी हरखली, तरी मी प्रथम त्या आकड्याची फोड पाहिली: १८ लाख निश्चित, ६ लाख परिवर्तनीय, आणि शिवाय रुजू होताना २ लाखांचा जॉइनिंग बोनस.

परिवर्तनीय वेतन आमच्या घराला नवे नव्हते. नंदुरबारहून आलेले माझे वडील उधन्यात मागावर मीटरप्रमाणे मजुरी घेत, मात्र ते मीटर तरी त्यांच्या डोळ्यांसमोर मोजले जात. माझ्या आधीच्या एका नोकरीत वैयक्तिक कामगिरीचा गुणक आणि कंपनीच्या नफ्याचा गुणक यांचा परस्पर गुणाकार होई. ज्या वर्षी नफा किमान पातळीखाली गेला, त्या वर्षी माझे लक्ष्य पूर्ण होऊनही हाती काहीच आले नाही. म्हणून उत्तर लिहिण्यापूर्वी, त्या हुद्द्याच्या लोकांना गेल्या तीन वर्षांत या रकमेपैकी प्रत्यक्ष किती टक्के मिळाले, हे विचारून घ्यावे. खुलासा टाळला गेल्यास ती रक्कम निम्मीच धरावी, असे माझे मत आहे.

पत्राच्या जोडपत्रात आणखी एक कलम होते: १ ऑक्टोबरनंतर रुजू होणारास त्या आर्थिक वर्षाची परिवर्तनीय रक्कम मिळणार नाही. मी जानेवारीत जाणार, म्हणजे मार्चपर्यंतच्या तीन महिन्यांचे दीड लाख बुडणार, आणि मिलचा मार्चअखेरचा ९० हजारांचा बोनसही सोडावा लागणार. तेव्हा २ लाखांची ती कथित भेट माझ्या नुकसानीहून ४० हजारांनी उणीच होती. हाच हिशोब मांडून मी २ लाख ४० हजार मागितले. एकदाच द्यावयाच्या रकमेने हुद्द्याची वेतनश्रेणी हलत नाही, त्यामुळे मनुष्यबळ खात्याला ती मंजूर करणे पगारवाढीपेक्षा सोपे जाते.

त्याच उत्तरात, एकूण आकडा तोच ठेवून निश्चित भाग १९ लाख २० हजार करावा, अशी विनंती केली, कारण पुढील वार्षिक वाढ निश्चित वेतनावरच मोजली जाणार होती. बोनसची वसुली हा तिसरा मुद्दा होता: वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास करपूर्व पूर्ण रक्कम परत करावयाची होती, वास्तविक हाती येते ती कर कापून. मी लिहिले, "वसुली उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात व करोत्तर रकमेची असावी, आणि कंपनीने स्वतः सेवा समाप्त केल्यास ती होऊ नये."

बोनस मान्य झाला, महिन्यांचे प्रमाणही मान्य झाले. करोत्तर वसुलीस त्यांच्या लेखाखात्याने नकार दिला, आणि विभागणी सर्वांना एकच म्हणून बदलली नाही, परंतु पहिल्या पूर्ण वर्षी परिवर्तनीय भागापैकी ३ लाखांची हमी मिळाली. ही हमी फोनवर मिळाल्यामुळे त्याच संध्याकाळी मी तिचा मजकूर ई-मेलने पाठवून दुजोरा मागितला, आणि सुधारित पत्र येईपर्यंत मिलमध्ये राजीनाम्याचा अर्ज दिला नाही.