परत आलेला शर्ट काय सांगतो?

ताईंनो, जून जवळ आला की सोलापुरात गणवेशाच्या कामाची घाई सुरू होते. माल जातो आणि थोड्या दिवसांत त्यातले काही नग परत येतात. आपण ते उसवून, दुरुस्त करून देतो आणि विसरतो. तसं करू नका. उसवण्याआधी शर्ट मोजा आणि तक्रार वहीत लिहा.

वहीत तारीख, ऑर्डर, साइज आणि बंडल नंबर हवा. तक्रार दुकानदाराच्या शब्दांत लिहा. पुढे दोन रकाने पाडा: "मोजून किती भरला" आणि "धुतलेला की कोरा". हा शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो, पण खरा उलगडा त्यातूनच होतो.

समजा, 30 साइजचे 9 शर्ट परत आले. तक्रार एकच, "लहान होतो". मापाच्या तक्त्यात काखेखाली आडवी छाती 17 इंच आहे. सपाट पसरून मोजले, तर नऊही साडेसोळा भरले. पण वही बघा: 6 शर्ट कोरे आणि सगळे 4 नंबरच्या बंडलातले. उरलेले 3 धुतलेले, वेगवेगळ्या बंडलांतले. त्यांच्या बंडलांतले कोरे शर्ट बरोबर 17 आहेत. म्हणजे माप एक, कारणं दोन.

पहिल्या सहांत बाजूची शिलाई पाव इंच जास्त आत गेली. पाव इंच पुढच्या भागातून, पाव मागच्या भागातून, अशा दोन्ही बाजू मिळून घेर पुरा एक इंच कमी होतो. ओव्हरलॉकने कडा कापली गेली असेल, तर सोडायला माया उरत नाही. म्हणून तपासणी ओव्हरलॉकच्या आधी. प्रत्येक बंडलातला पहिला शर्ट टाचून मोजायचा, मग दर दहावा. मशीनच्या पट्टीवर शिलाईच्या अंतराला चिकटपट्टी लावली की हात भरकटत नाही. वहीत बंडल नंबरच लिहा, बाईचं नाव नको; नाव लिहिलं की चुका लपवल्या जातात.

उरलेले तीन कापड आटल्यामुळे लहान झाले. इथे शिवणारीची चूक नाही आणि शिलाई तपासून ते कळणारही नाही. नव्या ताग्यावर 20 इंचांचा चौकोन आखा, तेवढा तुकडा धुऊन वाळवा, मोजा. साडेएकोणीस भरला तर दर 20 इंचांना अर्धा इंच आटतो, तेवढं कटिंगमध्ये वाढवायला हवं. उभं आणि आडवं वेगळं मोजा, कारण दोन्हीकडे आटणं सारखं नसतं.

कापड व्यापाऱ्याचं आणि आपली फक्त मजुरी असेल, तर ही चाचणी कटिंगआधी करून त्याची सही घ्या. म्हणजे असे शर्ट परत आले, तर मजुरी कापण्याआधी त्याला ती सही दाखवता येते.