ऑफर मागे घ्यायची, पण कोणत्या शब्दांत?

प्रश्न : भोसरीत आमचा छोटा कारखाना आहे. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी एका मुलाला ऑफर लेटर दिलं. पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा रिपोर्ट ‘रेड’ आला. त्याने लिहिलेली कंपनी म्हणते, या नावाचं कुणी आमच्याकडे नव्हतंच. ‘खोटी माहिती दिल्यामुळे ऑफर रद्द’ असं कळवलं तर चालेल का?

उत्तर : एवढ्यावर नको. नोंद सापडली नाही, एवढंच रिपोर्ट सांगतो. औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ मुलं काम करतात कंपनीच्या शॉप फ्लोअरवर, पण पगार आणि पीएफ येतो लेबर कंत्राटदाराकडून. मग कंपनीच्या एचआरला नाव सापडणार कुठून?

म्हणून पहिलं पत्र विचारणा करणारं असावं : ‘आपण अमुक कंपनीत मार्च २०१९ ते जून २०२२ काम केल्याचं लिहिलं आहे. कंपनीने नोंद नसल्याचं कळवलं आहे. पगाराच्या स्लिपा व पीएफ पासबुक पाच कामकाजाच्या दिवसांत पाठवावं. तोवर निर्णय घेतलेला नाही.’ सोबत रिपोर्टमधला तेवढा भाग जोडा. अमेरिकेत एजन्सीच्या रिपोर्टवरून नोकरी नाकारण्याआधी उमेदवाराला त्याची प्रत देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे तशी खास सक्ती नसली, तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

समजा, पासबुकात कंत्राटदाराचं नाव निघालं. म्हणजे कंपनीबद्दलचा संशय मिटला. पण वर्गणी जानेवारी २०२२ लाच थांबलेली दिसते आणि ‘फेब्रुवारीपासून घरीच होतो’ असं मुलगाही मान्य करतो. म्हणजे अनुभव दोन वर्षं अकरा महिन्यांचा, आणि तुमची जाहिरातीतली अट तीन वर्षांची. एक महिना चालवून घ्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. नाही म्हणायचं असेल, तर पत्रात हेच कारण यावं :

‘आपण कळवलेला कालावधी जून २०२२ पर्यंतचा होता, पीएफ नोंद व आपला खुलासा यांनुसार तो जानेवारी २०२२ पर्यंतचा आहे. या जागेसाठी तीन वर्षांचा अनुभव आवश्यक असल्याने, ऑफर लेटरमधील पडताळणीच्या अटीनुसार ही ऑफर आम्ही मागे घेत आहोत.’

यात ‘फसवणूक’ नाही, ‘बनावट’ नाही, आणि खुलासा मिळालेला कंपनीचा मुद्दाही नाही. असे शब्द लिहिले, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. पत्राची प्रत प्लेसमेंट कन्सल्टंटला पाठवू नका. त्याला ‘जागा पुन्हा खुली आहे’ इतकंच सांगा. तुमच्या ऑफर लेटरमध्ये पडताळणीची अटच नसेल, तर मात्र आधी वकिलाला विचारा.

आणि मुलाने सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिला असेल, तर पत्राची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. नोटीस पिरियड संपायच्या आत कळलं, तर राजीनामा मागे घेण्यासाठी त्याला निदान साहेबांशी बोलता येईल.