गाळा नसलेली प्रॅक्टिस

पुणे

चि. सायली,


नोकरी सोडून, गाळा भाड्याने न घेता, घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करायचा तुझा विचार मला पटला. मशीन कोणतं घेऊ, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर नंतर देते; आधी एक पेशंट डोळ्यांपुढे आण.

समज, ६८ वर्षांच्या आजी आहेत. उजवा गुडघा बदललाय आणि चौथ्या दिवशी घरी आल्यात. खोलीत शिरलीस की पलंगाकडे बघ. बऱ्याच घरी गुडघ्याखाली उशी सापडेल. बरं वाटतं म्हणून मुलाने किंवा सुनेने मायेने ठेवलेली असते. पण गुडघा तसाच वाकलेला आखडतो, आणि पुढे आजी लंगडतच चालतात. उशी काढ, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव म्हणजे गुडघा अधांतरी राहील. दिवसातून चार-पाच वेळा, सोसेल तसं पाच ते दहा मिनिटं पाय असाच ठेवायचा. हे सुनेला करून दाखव आणि तिच्याकडून करून घे. तू पाऊण तास असणार, बाकीचा दिवस तिच्या हातात.

व्यायामाआधी दोन्ही पोटऱ्या टेपने मोज. गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटीमीटर खाली. ऑपरेशनच्या पायाला सूज असतेच, म्हणून एका दिवसाच्या आकड्याने काही कळत नाही. रोजचे आकडे लिहीत जा. फरक ३ सेंटीमीटरच्या पुढे गेला किंवा पोटरी दाबली की दुखायला लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्या दिवशी व्यायाम बंद. सर्जनला तिथूनच फोन कर आणि डॉप्लर त्याच दिवशी करायला सांग. धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर फोनवर बोलत बसू नकोस, त्यांना थेट हॉस्पिटलला हलव. आणि टेपचा आकडा ठीक आला म्हणून गुठळी नाहीच, असं मानू नकोस. हॉस्पिटलमध्ये पाठीशी निवासी डॉक्टर असतो, इथे तू एकटीच असतेस.

मग घर बघ. न्हाणीघराचा उंबरठा, घसरती फरशी, खाली बसायचा संडास, खोल रुतणारा सोफा. भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची पहिल्याच दिवशी मागवायला सांग. व्यायाम पलंगावर कितीही छान झाला, तरी आजी पडतात त्या रात्री न्हाणीघरात जाताना. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे तू सोबत असतानाच दोन पायऱ्यांवर घोटून घे.

गोनिओमीटरने कोन माप. पहिल्या दिवशी गुडघा ६५ अंश वाकतोय आणि सरळ व्हायला १० अंश कमी पडतायत, असं समजू. टाके काढायच्या सुमारास ९० अंशांपर्यंत वाकायला हवा आणि जवळजवळ सरळही व्हायला हवा. घरचे वाकण्याचंच विचारतात. तू सरळ होण्याकडे जास्त लक्ष दे. वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या-एक तासाने पोचलीस तर दोघींनाही सोपं जातं.

पैशांचं म्हणशील, तर तीस व्हिजिटचं पॅकेज विकू नकोस. पहिल्या आठवड्यात सहा, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड तीन-तीन, नंतर आणखी विरळ, असं सहा आठवड्यांत सतरा-अठरात बहुतेकांचं काम होतं. ते पहिल्याच दिवशी सांग. आकडे अडकले तर व्हिजिट वाढव, आणि का वाढवतेयस तेही सांग.

टाके काढायला आजी सर्जनकडे जातील तेव्हा फाइलमध्ये तुझं अर्ध्या पानाचं पत्र असू दे: कोन, पोटरीचा घेर, किती चालतात, जखम कशी दिसते, खाली तुझा कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. गाळ्याची पाटी नसताना डॉक्टरला तुझं काम दिसायची जागा हीच. पुढचे पेशंट त्यातूनच येतात, थोडे उशिरा येतात एवढंच. पेशंट पाठवल्याबद्दल कोणी कट मागितला तर नाही म्हण. तो शेवटी आजींच्या बिलातूनच जातो.

तासाचा हिशोबही नीट बघ. पाऊण तास काम आणि वीस मिनिटं स्कूटर, म्हणजे आठ तासांत जेमतेम सात घरं होतील. एक घर हडपसरला आणि दुसरं बावधनला घेतलंस तर पाचही होणार नाहीत. तीन-चार किलोमीटरचा पट्टा ठरव आणि त्याबाहेरचं काम तिथल्या एखाद्या सहकाऱ्याला दे. अनोळखी घरी पहिल्यांदा जाताना पेशंटशिवाय घरचं कोणीतरी हजर असेल, हे फोनवरच पक्कं कर आणि आईला पत्ता पाठव.

आता मशीन. बीपीचं यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, टेप, गोनिओमीटर, दोन ताकदींचे थेराबँड, कमरेला धरायचा पट्टा. हे एका पाठपिशवीत मावतं. टेन्स सहा महिन्यांनी घेतलंस तरी चालेल.

तुझी,
सुधामावशी